थर्मासमधील निर्वात : ऊब कशी टिकते आणि कशी निसटते

जानेवारी महिन्यात दिल्लीतील पहाटेचे तापमान बहुधा पाच ते दहा अंश सेल्सिअसच्या आसपास असते. नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद आणि गुरुग्राम या भोवतालच्या शहरांतही निराळी स्थिती नसते. या दिवसांत पोलादी थर्मास ही चैनीची वस्तू राहत नाही. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेसारख्या मोठ्या रुग्णालयांच्या आसपास रात्र काढणारे रुग्णांचे नातेवाईक, रात्रपाळीचे पहारेकरी, पहाटेच्या बसने कारखान्यात जाणारे कामगार यांची सारी भिस्त थर्मासमधील गरम पाण्यावर किंवा चहावर असते. तान्ह्या मुलाला भुकटीचे दूध द्यावे लागत असेल तर या भरवशाला अधिकच महत्त्व येते. दुधाची भुकटी जंतुरहित नसते. म्हणून ती कालवण्याचे पाणी किमान ७० अंश सेल्सिअस इतके गरम असावे आणि कालवलेले दूध निववून मग मुलाला पाजावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पाणी नुसते कोमट असेल तर भुकटीतील जंतू मरत नाहीत, उलट वाढीस लागतात.

बाजारात मात्र दिसायला अगदी सारख्या अशा दोन थर्मासांपैकी एक रात्रभर ऊब धरून ठेवतो आणि दुसऱ्यातील पाणी दोन-तीन तासांतच कोमट होते. दोन्हींचे पोलाद चकचकीत असते, दोन्हींना दुहेरी भिंत असते आणि दोन्हींवर बारा किंवा चोवीस तासांचे आश्वासन छापलेले असते. फरक असतो तो डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी, म्हणजे दोन भिंतींमधील तीन-चार मिलिमीटरच्या फटीत. त्या फटीत काय आहे, किंबहुना काय नाही, यावर थर्मासचे सारे गुणावगुण अवलंबून असतात.

उष्णतेच्या तीन वाटा

गरम वस्तूतील उष्णता तीन वाटांनी बाहेर पडते. पहिली वाट वहनाची. गरम चहात ठेवलेल्या चमच्याचा दांडा थोड्या वेळाने तापतो. तेथे उष्णता धातूतून एका कणाकडून शेजारच्या कणाकडे जाते. दुसरी वाट अभिसरणाची. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते, तिच्या जागी थंड हवा येते आणि या फिरतीबरोबर उष्णताही वाहून नेली जाते. तिसरी वाट प्रारणाची. शेकोटीपासून चार हात दूर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याला जी धग लागते ती प्रारणाने येते. या वाटेला मध्ये कोणताही पदार्थ लागत नाही. सूर्याची उष्णता पृथ्वीवर येते ती याच वाटेने, रिकाम्या अवकाशातून.

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स ड्यूअर यांच्यापुढे १८९२ च्या सुमारास जो प्रश्न होता तो गरम चहाचा नव्हता. द्रवरूप ऑक्सिजनसारखे अतिशय थंड पदार्थ भांड्यात ठेवले की पाहता पाहता उकळून नाहीसे होत. बाहेरची उष्णता आत येऊ नये, म्हणून त्यांनी काचेचे एकात एक बसणारे दुहेरी भांडे घडविले आणि दोन भिंतींमधील हवा उपसून काढली. हवाच नसल्यामुळे हवेतून होणारे वहन आणि अभिसरण या दोन वाटा बंद झाल्या. तिसऱ्या वाटेसाठी काचेला आतल्या फटीच्या बाजूने चांदीसारखा मुलामा दिला, म्हणजे प्रारण आरशावरून परतावे तसे परतू लागले. थंड वस्तू थंड ठेवणारे हे भांडे गरम वस्तू गरमही ठेवते, कारण उष्णता आत येवो की बाहेर जावो, वाटा त्याच असतात.

ड्यूअर यांनी या भांड्याचे एकस्व घेतले नाही. राइनहोल्ड बुर्गर या जर्मन कारागिराने ते घरगुती वापरासाठी धातूच्या कवचात बसविले आणि १९०४ मध्ये 'थर्मॉस' या नावाने त्याचा व्यापार सुरू झाला. त्या नावाचाच आपल्याकडे 'थर्मास' झाला. पुण्याजवळच्या तळेगाव येथे बनणाऱ्या 'ईगल' थर्मासमुळे काचेची ही नळी महाराष्ट्रातील असंख्य घरांत पोहोचली. काचेचा दोष एकच, तो म्हणजे ती फुटते. पोलादाचा थर्मास करण्याचे प्रयत्न फार जुने आहेत. अमेरिकेतील विल्यम स्टॅन्ले यांनी १९१३ मध्येच तसा थर्मास केला होता. आज हातोहाती दिसणारी हलकी, अगंज पोलादाची म्हणजे स्टेनलेस स्टीलची बाटली मात्र जपानमधील निप्पॉन सान्सो या कंपनीने १९७८ मध्ये प्रथम बाजारात आणली.

अर्धा निर्वात म्हणजे निर्वात नव्हेच

येथवरची हकीगत सर्वसाधारणपणे परिचित असते. परंतु तिच्यावरून एक गैरसमज सहज निर्माण होतो. फटीतील निम्मी हवा काढली तर उष्णतेची गळती निम्मी होईल आणि शंभरातील नव्याण्णव भाग काढली तर ती जवळजवळ थांबेल, असे वाटते. प्रत्यक्षात तसे घडत नाही. निम्मी हवा काढल्याने वहनात काहीच फरक पडत नाही आणि नव्याण्णव भाग काढूनही तो जेमतेम जाणवतो.

यामागील कारण जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांच्या वायूंविषयीच्या १८६० मधील सिद्धान्तातून कळते. ते समजण्यासाठी रेल्वेच्या फलाटावर सामान वाहणाऱ्या हमालांची कल्पना करावी. फलाटावर हमालांची इतकी दाटी आहे की प्रत्येक जण दोन पावले चालतो न चालतो तोच दुसऱ्यावर आदळतो आणि आपले ओझे त्याच्याकडे सोपवतो. आता निम्मे हमाल काढून घेतले. ओझी वाहणारे निम्मे झाले खरे, पण गर्दी विरळ झाल्यामुळे प्रत्येक जण आता दुप्पट अंतर विनाअडथळा जातो. म्हणून पलीकडे पोहोचणारे सामान पूर्वीइतकेच राहते. हवेचे रेणू असेच वागतात. नेहमीच्या दाबाच्या हवेत एक रेणू दुसऱ्यावर आदळण्यापूर्वी सरासरीने मिलिमीटरचा सुमारे पंधरा हजारावा भाग एवढेच अंतर जातो. हवा विरळ करत गेले की हे अंतर त्याच प्रमाणात वाढत जाते आणि रेणूंच्या संख्येतील घट भरून काढते.

ही भरपाई कोठेतरी थांबतेच. रेणूची धाव वाढत वाढत फटीच्या रुंदीएवढी झाली की तिला आणखी वाढायला जागा उरत नाही. रेणू एका भिंतीवरून निघतो तो थेट दुसऱ्या भिंतीवर आदळतो. फलाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक हमाल एकटाच चालू लागला, म्हणजे मग मात्र एक हमाल कमी झाला की तेवढे सामान कमी पोहोचते. तीन मिलिमीटर रुंदीच्या फटीत ही अवस्था केव्हा येते? हवेचा दाब बाहेरच्या दाबाच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागापर्यंत उतरतो तेव्हा. खरी बचत तेथून पुढे सुरू होते. दाब एक लक्षांशावर आणला की हवेतून होणारे वहन पूर्वीच्या सुमारे अष्टमांश होते आणि दशलक्षांशावर आणला की ऐंशीव्या भागाच्या आसपास उरते. चांगल्या थर्मासमधील दाब या शेवटच्या आकड्याइतका किंवा त्याहूनही कमी असतो.

इतके सूक्ष्म दाब मोजणे हे स्वतंत्र शास्त्र आहे. आपल्या देशात त्याची राष्ट्रीय मापे नवी दिल्लीच्या पुसा भागातील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत जतन केली जातात आणि निर्वात मोजणारी इतरत्रची उपकरणे त्या मापांशी ताडून पाहता येतात. ग्राहकापाशी असे कोणतेही साधन नसते आणि फट तर चहूबाजूंनी बंद असते. म्हणून निर्वात किती खरा आहे हे पाण्याच्या तापमानावरूनच ओळखावे लागते.

पोलादी बाटली कशी तयार होते

पोलादी थर्मास म्हणजे एकात एक बसवलेली दोन कवचे. दोन्ही कवचे केवळ तोंडाशी, गळ्याच्या कडेवर, एकमेकांना वितळजोडाने जोडलेली असतात. इतरत्र ती परस्परांना स्पर्श करीत नाहीत. आतील कवचाच्या बाहेरच्या अंगाला तांब्याचा पातळ मुलामा दिला जातो किंवा तांब्याचा वर्ख गुंडाळला जातो. काचेच्या थर्मासमध्ये जे काम चांदी करते तेच काम येथे तांबे करते. बाहेरच्या कवचाच्या बुडाशी एक लहानसा खळगा असतो आणि त्यात बारीक छिद्र असते.

अशा अनेक बाटल्या उलट्या करून निर्वात भट्टीत ठेवतात. खळग्यात एका विशिष्ट काचेचा लहान तुकडा ठेवलेला असतो. भट्टीतील हवा पंपांनी उपसली जाते, तेव्हा छिद्रावाटे फटीतील हवाही निघून जाते. भट्टी काही शे अंशांपर्यंत तापवतात. शेवटी काचेचा तुकडा वितळतो आणि छिद्र कायमचे बुजते. जुन्या पद्धतीत बुडाला तांब्याची बारीक नळी असे; हवा उपसून झाल्यावर ती चिमटून बंद करीत. बुडाशी दिसणारी चकती यांपैकी कोणत्या तरी एका जोडाचे रक्षण करीत असते.

भट्टीतील उष्णतेचे काम केवळ काच वितळवणे एवढेच नसते. पोलादाच्या पृष्ठभागाला पाण्याची वाफ चिकटून असते आणि धातूच्या पोटात हायड्रोजन मुरलेला असतो. भट्टीत पुरेसा वेळ तापवले तर हे वायू सुटून पंपावाटे निघून जातात. ते तसेच राहिले तर बाटली बंद झाल्यावर, पुढील काही महिने, फटीत हळूहळू सुटत राहतात. यावर दुसरा उपाय म्हणून फटीत 'गेटर' नावाची एक लहान गोळी ठेवतात. ती झिर्कोनियमसारख्या धातूच्या मिश्रणाची असून चुकार वायू शोषून घेते. कोळशाकडून असेच काम करवून घेण्याची युक्ती ड्यूअर यांनीही वापरली होती.

खसखशीच्या दोन दाण्यांएवढी हवा

अर्ध्या लिटरच्या बाटलीतील फटीचे आकारमान सुमारे ११० घन सेंटिमीटर, म्हणजे चहाच्या लहान कपाएवढे असते. वर सांगितलेल्या एक लक्षांश दाबाला या फटीत जेवढी हवा मावते ती बाहेरच्या नेहमीच्या दाबात आणली तर सुमारे एक घन मिलिमीटर जागा व्यापील. एवढी जागा खसखशीच्या दोन दाण्यांना लागते. अगदी उत्तम थर्मासमध्ये एवढी हवा शिरली की त्याचा दर्जा उतरतो. ती एकदम शिरली पाहिजे असेही नाही. वितळजोडात केसाहून कितीतरी बारीक चीर असेल आणि तीतून वर्ष-दोन वर्षांत एवढी हवा झिरपली तरी परिणाम तोच होतो. बाहेरून हवा न येता आतील पोलादातूनच तेवढा वायू सुटला तरीही वेगळे काही घडत नाही.

स्वस्त थर्मासच्या कथेचा मुख्य भाग येथे आहे. भट्टीचा वेळ हा कारखान्यातील महागडा वेळ असतो. तो निम्म्यावर आणला की त्याच भट्टीतून दुप्पट बाटल्या निघतात. गेटर वगळला की आणखी काही पैसे वाचतात. अशी बाटली कारखान्यातून निघते तेव्हा चांगली असू शकते. दुकानात आणि घरी पहिल्या आठवड्यातही ती चांगलीच वागते. मग दोन-चार महिन्यांनी 'पूर्वीसारखे गरम राहत नाही' अशी तक्रार सुरू होते. याखेरीज बाजारात अशाही बाटल्या असतात की ज्यांच्या दोन भिंतींमध्ये साधी हवाच भरलेली असते. 'दुहेरी भिंत' हे त्यांच्यावरील शब्द खोटे नसतात. मात्र निर्वाताचा उल्लेख तेथे नसतो.

एका रात्रीचा हिशेब

या साऱ्याचा परिणाम किती होतो, हे एका ढोबळ हिशेबाने पाहता येईल. अर्ध्या लिटरच्या तीन बाटल्या घेतल्या. आकार एकच, झाकणे सारखीच. पहिलीचा निर्वात उत्तम आहे, दुसरीत एक लक्षांश दाबाची हवा उरली आहे आणि तिसरीत पूर्ण दाबाची हवा आहे. रात्री अकरा वाजता तिन्हींत ९५ अंशांचे पाणी भरले. दिल्लीच्या हिवाळ्यातील खोलीचे तापमान १० अंश धरले.

अर्धा लिटर पाण्यातून एक वॅट या वेगाने तासभर उष्णता गेली तर पाणी सुमारे १.७ अंशांनी निवते. पहिल्या बाटलीतून सुरुवातीला साऱ्या वाटा मिळून साडेतीन वॅट उष्णता जाते. दुसरीतून ती सुमारे साडेसहा वॅट आणि तिसरीतून सोळा वॅट जाते. पाणी निवत जाते तसा हा वेगही कमी होत जातो. तो हिशेबात धरला तर मध्यरात्री बारा वाजता पहिल्या बाटलीत ८९, दुसरीत ८५ आणि तिसरीत ७१ अंश तापमान असेल. पहाटे पाच वाजता पहिलीत सुमारे ६६ अंश, दुसरीत ४९ अंश आणि तिसरीत २२ अंश उरतील.

या आकड्यांत तीन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. तिसरी बाटली तासाभरातच उघडी पडते. दुसरीचा दोष मात्र पहिल्या तासात लपून राहतो, कारण चार अंशांचा फरक चहा पिणाऱ्याला कळत नाही. तो पहाटे उघड होतो. तिसरी गोष्ट अशी की निर्दोष बाटलीदेखील पहाटे पाचला ७० अंशांच्या खाली आलेली आहे. हा बाटलीचा दोष नव्हे, तो आकाराचा परिणाम आहे. उष्णता पृष्ठभागातून जाते आणि साठा मात्र आकारमानात असतो. एक लिटरच्या बाटलीत पाणी दुप्पट मावते, पण पृष्ठभाग दुप्पट होत नाही आणि गळा तर बहुधा तेवढाच राहतो. त्याच रात्री तेवढ्याच चांगल्या एक लिटरच्या बाटलीत पहाटे सुमारे ७४ अंश तापमान मिळेल. तान्ह्या मुलासाठी रात्रीचे पाणी ठेवायचे असेल तर लहान बाटलीपेक्षा मोठी बाटली निवडावी आणि ती काठोकाठ भरावी, हे या हिशेबातून निघते. अर्धीच भरलेली बाटली लवकर निवते, त्याचे कारणही हेच.

निर्वात चांगला असूनही

पहिल्या बाटलीतून जाणारे साडेतीन वॅट कोठून जातात? उरलेल्या विरळ हवेतून त्यांचा फारच थोडा भाग जातो. मोठा वाटा गळ्याचा आणि झाकणाचा असतो. गळ्यापाशी आतील कवच बाहेरच्या कवचाला जोडलेले असते, म्हणून उष्णतेला तेथे पोलादाचा सलग पूल मिळतो. अगंज पोलाद हे धातूंच्या मानाने उष्णतेचे मंद वाहक आहे. तांब्यातून उष्णता त्याच्या वीसपटीहून अधिक वेगाने जाते. तरीही गळ्याचे पोलाद ०.३ मिलिमीटर जाडीचे असेल तर सव्वा वॅटच्या आसपास उष्णता या पुलावरून जाते. ते दुप्पट जाडीचे असेल तर ही गळतीही दुप्पट होते. जाड पत्रा म्हणजे मजबूत आणि चांगला थर्मास, ही समजूत म्हणूनच फसवी ठरते. पातळ पत्र्याचा गळा घडवून त्याला निर्दोष वितळजोड देणे हे कौशल्याचे काम आहे आणि स्वस्त मालात ते सहसा टाळले जाते. रुंद तोंडाची बाटली धुवायला सोपी असते, पण तिचा पूलही रुंद असतो आणि झाकणही मोठे असते.

झाकणात उष्णतारोधक फेस भरलेला असेल तर त्यातून फारशी उष्णता जात नाही. नुसते पोकळ प्लॅस्टिकचे झाकण असेल, किंवा आतील रबरी कडे नीट बसत नसेल, तर वाफ निसटू लागते आणि मग निर्वाताचा उपयोग तेवढ्यापुरता व्यर्थ होतो.

प्रारणाची वाट तांब्याच्या मुलाम्यावर अवलंबून असते. फटीतील दोन्ही भिंती काजळीसारख्या काळ्या असत्या तर निर्वात पूर्ण असूनही या अर्ध्या लिटरच्या बाटलीतून सुरुवातीला सुमारे पंचवीस वॅट उष्णता केवळ प्रारणाने गेली असती. साधे, न उजळलेले पोलाद त्यातील बहुतेक भाग परतवते, तरी तीन वॅटच्या आसपास गळती राहते. तांब्याचा मुलामा ती एक वॅटच्या खाली आणतो. तांबे वगळलेली पण निर्वात राखलेली बाटली वरील रात्री पहाटे सुमारे ५४ अंशांवर येईल. बाटलीची आतली अथवा बाहेरची चकाकी पाहून याविषयी काहीच सांगता येत नाही, कारण महत्त्वाचे पृष्ठभाग फटीत दडलेले असतात.

दोष कसा ओळखावा

घरच्या घरी करता येण्याजोगी पहिली परीक्षा हाताची आहे. बाटलीत उकळते पाणी भरून झाकण घट्ट लावावे आणि दहा मिनिटांनी बाहेरच्या भिंतीला मध्यावर आणि बुडाशी हात लावून पाहावा. ती स्पष्ट गरम लागली तर निर्वात गेला आहे. वरच्या हिशेबातील तिसऱ्या बाटलीची भिंत सुरुवातीला ५५ अंशांच्या आसपास तापते. ती हाताला चटकन कळते. केवळ गळ्याजवळचा दोन बोटे भाग उबदार लागला तर चिंता नको, तो पोलादाच्या पुलाचा परिणाम आहे. झाकणाचा माथा तापत असेल तर दोष झाकणात शोधावा. ते बदलून काम भागू शकते.

अर्धवट बिघडलेल्या बाटलीत ही परीक्षा फसते. तिची भिंत खोलीपेक्षा आठ-नऊ अंशांनीच अधिक तापते. दिल्लीच्या थंडीत अशी भिंत १९ अंशांची म्हणजे हाताला गारच लागेल. अशा वेळी त्याच खोलीत ठेवलेल्या एखाद्या रिकाम्या पोलादी भांड्याशी तुलना करावी. त्याहून चांगला मार्ग म्हणजे ठरावीक वेळी भरून सहा तासांनी तापमापकाने पाणी मोजणे. नवी बाटली घेतल्यावर हा आकडा लिहून ठेवला आणि सहा महिन्यांनी, त्याच ऋतूत नसला तरी साधारण तशाच खोलीच्या तापमानाला, पुन्हा मोजला तर निर्वात टिकला आहे की नाही हे निश्चित कळते.

पावसाळ्यात आणखी एक सोपी खूण मिळते. जुलै-ऑगस्टमध्ये दिल्लीची हवा दमट असते. बाटलीत बर्फाचे पाणी भरले असता बाहेरच्या भिंतीला दव धरू लागले, तर भिंत थंड झाली आहे, म्हणजेच निर्वात उरलेला नाही. मे महिन्याच्या कोरड्या हवेत मात्र दव न धरणे हा चांगुलपणाचा पुरावा ठरत नाही. लोहचुंबक लावून पाहण्याची पद्धतही काही ठिकाणी रूढ आहे. त्यावरून पोलादाच्या जातीविषयी थोडाफार अंदाज बांधता येईल, निर्वाताविषयी नाही.

गेलेला निर्वात घरी किंवा डागडुजी करणाऱ्याकडे परत आणता येत नाही. बाटली आपटली, विशेषतः बुडावर पडली, तर तेथील काचेच्या बुचाला तडा जाण्याचा संभव असतो. बाहेरून पोचा आलेला दिसला आणि त्याच वेळी दोन्ही भिंती एकमेकींना टेकल्या, तर तेथे उष्णतेसाठी दुसरा पूल तयार होतो. थर्मास आगीवर तापवणे तर कटाक्षाने टाळावे. फटीत वायू अडकलेला असेल तर तो प्रसरण पावतो आणि बुडाचा जोड उखडू शकतो.

शिक्का काय सांगतो

घरगुती वापराचे उष्णतारोधक थर्मास, बाटल्या व डबे यांसाठी भारत सरकारने २०२३ मध्ये गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला आणि त्यांना भारतीय मानक ब्यूरोच्या प्रमाणनाच्या कक्षेत आणले. पुढे ब्यूरोने दिल्ली आणि परिसरातील गोदामांची तपासणी केली. गुरुग्राममधील एका ऑनलाइन विक्रीव्यवस्थेच्या गोदामातून प्रमाणन नसलेल्या ५३४ निर्वात पोलादी बाटल्या जप्त केल्याचे २०२५ च्या मार्चमध्ये जाहीर झाले.

या घटनेचा अर्थ नेमका समजून घेतला पाहिजे. प्रमाणन नसलेली प्रत्येक बाटली निकृष्टच असते असे नाही. परंतु जिचा निर्वात डोळ्यांना दिसत नाही, ज्यात खसखशीच्या दोन दाण्यांएवढी हवा हा चांगल्या-वाईटातील भेद आहे आणि जिचा दोष कित्येकदा महिन्यांनी उघड होतो, अशा वस्तूची पारख दुकानात उभ्या असलेल्या ग्राहकाला करता येणार नाही. ती कोणी तरी आधी, कारखान्यात, गरम पाणी भरून आणि तासांनंतर मोजून केलेली असली पाहिजे. शिक्का असलाच तर तो अशा तपासणीची खूण असतो. शिक्का असलेल्या बाटलीचीही घरी आणल्यावर एकदा सहा तासांची परीक्षा घ्यावी. ती उतरली नाही तर पावती जपून ठेवलेली असताना, मुदतीच्या आतच ती परत करावी.